तिने a > 0 लिहिलंच नव्हतं

अकरावीच्या घटक चाचणीचे पेपर वर्गात वाटले आणि त्याच तासाला मला माझी उत्तरसूची दुरुस्त करावी लागली. प्रश्न तीन गुणांचा होता: k च्या कोणत्या वास्तव किमतींसाठी (k−2)x² + 2(k−2)x + 4 ही राशी x च्या प्रत्येक वास्तव किमतीला धन राहते?

नेहमीची रीत सगळ्यांना पाठ असते. x² चा सहगुणक धन हवा, म्हणजे अन्वस्त वर उघडेल. विवेचक ऋण हवा, म्हणजे तो X-अक्षाला कुठेच शिवणार नाही. पहिल्या अटीवरून k > 2. विवेचक 4(k−2)² − 16(k−2), म्हणजेच 4(k−2)(k−6), आणि तो ऋण व्हायचा तर k हा 2 आणि 6 यांच्या मध्ये हवा. सूचीत मी 2 < k < 6 लिहून ठेवलं होतं. बऱ्याच मुलांनी दोन्ही बाजूंना (k−2) ने भागून नुसतं k < 6 लिहिलं होतं. तो भाजक धन आहे की ऋण, हे बघितल्याशिवाय असमतेत भागायचं नसतं.

एका मुलीला मी तीनपैकी एकच गुण दिला होता. तिने a > 0 ही अट लिहिलीच नव्हती, फक्त विवेचक मांडला होता, आणि उत्तर होतं 2 ≤ k < 6. पेपर घेऊन ती टेबलापाशी आली.

"सर, k च्या जागी दोन ठेवून बघा ना."

ठेवले. x² चं पद गेलं, x चंही गेलं, उरले नुसते 4. x काहीही घ्या, 4 धनच. k = 2 ला विवेचक शून्य येतो म्हणून आपण ती किंमत बाद करतो, पण तिथे वर्गराशीच उरलेली नसते, मग विवेचक बोलणार कशाबद्दल? प्रश्नात मी 'वर्गराशी' म्हटलं असतं तर 2 वगळणं बरोबर होतं. मी 'राशी' म्हटलं होतं. तिचं उत्तर पुरं होतं, माझं अपुरं.

"बरं, पण a > 0 का नाही लिहिलंस?"

"x शून्य ठेवलं की 4 येतात, k काहीही असला तरी. मुळं नसतील तर आलेख अक्ष ओलांडणार नाही. मग एका ठिकाणी वर आहे म्हणजे सगळीकडे वरच असणार ना?"

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. स्थिरपद धन असेल तर विवेचक ऋण असणं पुरतं, सहगुणकाचं चिन्ह आपोआप धन ठरतं. मी दोन्ही गुण परत दिले आणि तास तिथेच थांबवून फळ्याकडे वळलो.

तीच राशी पूर्ण वर्ग करून लिहिली: (k−2)(x+1)² + (6−k). आता सगळं डोळ्यांना दिसतं. k दोनपेक्षा मोठा असेल तर (x+1)² चं पद कधी ऋण होत नाही, आणि सर्वांत लहान किंमत x = −1 ला मिळते, ती 6−k. k = 5 ला ती 1, म्हणजे चालेल. k = 6 ला शून्य: आलेख अक्षाला टेकतो, म्हणून 6 बाहेर. k = 7 ला −1. आणि k दोनहून लहान झाला की अन्वस्त खाली उघडतो: k = 1 ला राशी 5 − (x+1)² होते, x = 2 ठेवा, −4 मिळतात. नुसतं k < 6 लिहिणाऱ्यांनी हा k = 1 स्वतः तपासला आणि आपापलं उत्तर खोडलं.

पण तिची युक्ती बाकीच्यांनी अर्धीच उचलली तर घोटाळा होणार, हे मला लगेच जाणवलं. म्हणून दुसरी राशी दिली: kx² + 4x + k. विवेचक 16 − 4k², तो ऋण हवा तर k > 2 किंवा k < −2. पाच-सहा वह्यांत हे दोन्ही भाग उत्तर म्हणून आले. k = −3 घ्यायला सांगितलं: −3x² + 4x − 3. मुळं नाहीत हे खरं, पण x = 0 ला किंमत −3. आलेख अक्षाला शिवत नाही, पण सगळाच्या सगळा खाली आहे.

मी त्या मुलीच्या वहीत डोकावलो. तिने विवेचकापासून सुरुवात केलीच नव्हती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: x = 0 ठेवल्यास k उरतो, म्हणून k > 0. त्याखाली विवेचक, आणि मग उत्तर: k > 2.