रेषा अगदी सरळ, तरी Km चुकलेला

बिंदू रेषेवर किती नीट बसतात ते सांगणारा R² ०.९९९७ आला की माणूस शंका घ्यायचं सोडून देतो. मीही सोडलं होतं, आणि त्या आकड्यावरचा राग अजून गेलेला नाही.

प्रयोग नेहमीचाच, एन्झाइमचा Km काढायचा. सब्सट्रेटच्या, म्हणजे एन्झाइम ज्या पदार्थावर काम करतं त्याच्या, ज्या तीव्रतेला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती तीव्रता म्हणजे Km. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम आणि पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हे सब्सट्रेट. फॉस्फेट तुटलं की उरणारं पॅरा-नायट्रोफेनॉल पीएच १० ला पिवळं दिसतं, म्हणून ४०५ नॅनोमीटरवर रीडिंग घ्यायचं. सब्सट्रेटची तीव्रता ०.१, ०.२, ०.५, १, २ आणि ५ मिलिमोलर. एन्झाइम सगळ्या नळ्यांत सारखंच. १ मिलि मिश्रण १० मिनिटं ठेवायचं, ४ मिलि सोडियम हायड्रॉक्साइड घालून क्रिया थांबवायची, आणि रीडिंगवरून किती पिवळं तयार झालं ते काढून १० ने भागायचं. बफर करणं, नळ्या लावणं, हे सगळं बिनबोभाट झालं.

वेग आले ते असे: ०.१ मिलिमोलरला ४.०५ मायक्रोमोलर प्रति मिनिट, मग ७.३, १३.८, १९.३, २३.७ आणि ५ मिलिमोलरला २७.२. वक्र वर जातो आणि मग आडवा व्हायला लागतो, कारण एन्झाइमच्या बहुतेक सगळ्या जागा आता भरलेल्या असतात. आणखी सब्सट्रेट ओतलं तरी त्याला रांगेतच थांबावं लागतं. पण ‘आडवा व्हायला लागला’ म्हणजे ‘आडवा झाला’ नव्हे. सब्सट्रेट Km च्या दहापट असलं तरी वेग कमाल वेगाच्या ९१ टक्केच असतो, आणि ९९ टक्के गाठायला ९९ पट लागतं. त्यामुळे वक्राच्या टोकाला पट्टी धरून ‘हं, २८ असेल’ असं म्हणणं म्हणजे दरवेळी कमीच सांगणं. म्हणून तर व्यस्त आलेख काढायचा:

1/v = (Km/Vmax) × (1/[S]) + 1/Vmax

v म्हणजे वेग, Vmax म्हणजे कमाल वेग, [S] म्हणजे सब्सट्रेटची तीव्रता. उभ्या अक्षावर 1/v, आडव्यावर 1/[S]. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे 1/Vmax मिळतो, आणि उताराला Vmax ने गुणलं की Km. माझा छेद आला ०.०३०८, म्हणजे Vmax ३२.५, उतार ०.०२१५, म्हणजे Km ०.७ मिलिमोलर. सहाही बिंदू रेषेवर. वही बंद.

अडकलं ते पडताळणीला. एन्झाइम निम्मं करून तोच प्रयोग पुन्हा केला, कारण तसं केल्यावर Vmax निम्मा व्हायला हवा आणि Km जागचा हलता कामा नये. एन्झाइमची सब्सट्रेट धरून ठेवण्याची ताकद ते किती आहे यावर कशी अवलंबून असेल? Vmax साधारण निम्म्यावर, १५.६ ला आला. Km मात्र ०.७ वरून ०.५९ वर उतरला.

पिपेट तपासली, सब्सट्रेट ताजं बनवलं, ब्लँक, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या नळ्यांची रीडिंग, पुन्हा घेतले. (ब्लँक प्रत्येक तीव्रतेचा वेगळाच हवा, हे सब्सट्रेट एन्झाइमशिवायही हळूहळू तुटतं आणि ५ मिलिमोलरच्या नळीत ते दिसून येतं. हे आधी सांगायला हवं होतं.) काही फरक पडला नाही, Km ०.५९ च राहिला. आणि R² तर दोन्ही वेळा तसाच झक्क.

चूक ‘१० मिनिटं’ या आकड्यातच होती, आणि ती सापडायला साधी वजाबाकी पुरली. ०.१ मिलिमोलरच्या नळीत सुरुवातीला सब्सट्रेट होतं १०० मायक्रोमोलर. १० मिनिटांत तयार झालं ४०.५. म्हणजे ४० टक्के सब्सट्रेट संपलेलं, आणि मी मात्र वेग ०.१ मिलिमोलरचा म्हणून लिहिला. खरं तर तो ०.१ पासून ०.०६ पर्यंत घसरत गेलेल्या तीव्रतेचा सरासरी वेग होता. शिवाय तयार होणारं फॉस्फेट स्वतःच या एन्झाइमला अडवतं. ते या हिशोबात मी धरलेलंच नाही.

मग चुकलेला बिंदू रेषेबाहेर का पडला नाही? कारण एकच बिंदू चुकलेला नव्हता. पुढच्या नळ्यांत अनुक्रमे ३७, २८, १९, १२ आणि ५ टक्के सब्सट्रेट संपलं होतं. चूक पायरीपायरीने कमी होत गेली, त्यामुळे रेषा कुठे मोडली नाही, अख्खीच्या अख्खी कलली. बिंदू एका रेषेत आहेत की नाही, एवढंच R² सांगतो. ती रेषा योग्य जागी आहे का, हे त्याला कळायचा मार्गच नाही. एन्झाइम निम्मं केलं तेव्हा सब्सट्रेटही कमी संपलं, रेषा कमी कलली आणि Km खऱ्याच्या जवळ सरकला.

उपाय म्हणजे नळ्या सोडून क्युवेट, रीडिंगच्या यंत्रातच बसणारी छोटी पारदर्शक कुपी. बफर पीएच १० चाच असल्याने रंग चालू क्रियेतच दिसतो, थांबवायची गरजच नाही. एन्झाइम घालून, ढवळून, दर ५ सेकंदांनी रीडिंग घेतलं आणि फक्त पहिल्या मिनिटाचा उतार धरला. ०.१ मिलिमोलरला एका मिनिटात रीडिंग जेमतेम ०.०९ ने चढतं (पॅरा-नायट्रोफेनॉलचा मोलर शोषणांक साधारण १८,०००), पण तेवढं पुरतं, आणि सब्सट्रेट ५ टक्क्यांच्या आतच संपतं. आता वेग ४.०५ ऐवजी ४.९. ५ मिलिमोलरला २७.२ चे २७.३, म्हणजे तिथे जवळजवळ काहीच बदललं नाही. नवा हिशोब: Vmax ३०.२, Km ०.५२. एन्झाइम निम्मं केलं तरी Km तिथेच.

ज्यांच्याकडे सलग रीडिंग घेणारं यंत्र नाही त्यांनी एन्झाइम पातळ करावं, आणि सर्वांत कमी तीव्रतेच्या नळीत १० टक्क्यांपेक्षा कमी सब्सट्रेट संपेल अशी वेळ ठरवावी. वेळ त्या नळीवरून ठरवायची, जास्त तीव्रतेच्या नळीवरून नाही. मी नेमकं उलट केलं होतं, कारण तिथे रंग छान दिसत होता.

या आलेखाचा आणखी एक स्वभाव त्रासदायक आहे. सगळ्यांत कमकुवत रीडिंग घेतलेला बिंदू उजवीकडे लांब, एकटा उभा असतो आणि रेषेला हवी तशी ओढतो. वेगात ०.५ ची चूक झाली तर २७.३ च्या ठिकाणी 1/v जेमतेम ०.०००७ ने हलतो. ५ च्या ठिकाणी तीच चूक त्याला ०.०२ ने हलवते, म्हणजे जवळपास तीसपट. बाकी पाचही बिंदू बिनचूक असताना एवढा एकच ५ ऐवजी ४ वाचला, तर Vmax ३० चा थेट ३७ होतो. त्या नळीची तीन-तीन रीडिंग घ्या, आणि Km चा अंदाज आला की तीव्रता त्याच्या निम्म्यापासून पाचपटीपर्यंत ठेवून पुन्हा मोजा.

माझ्या पहिल्याच, चुकलेल्या आकड्यांवर नंतर [S]/v विरुद्ध [S] असा आलेख काढला. तिथे उताराचा व्यस्त म्हणजे Vmax. तो आला ३०.७, आणि Km ०.६२. Vmax जवळपास बरोबर, कारण या आलेखात जास्त तीव्रतेचे, म्हणजे कमी बिघडलेले बिंदू रेषा धरून ठेवतात. Km तरीही चुकलेलाच. संपलेलं सब्सट्रेट कुठल्याच आलेखाने परत येत नाही.