त्रिकोणी लोड, एक कपल आणि दोन रिॲक्शन

डिप्लोमाला असताना पॉइंट लोड आणि युडीएलची गणितं इतकी सोडवली होती की बीम दिसला की हात आपोआप चालायचा. मोमेंट घ्यायची, स्पॅनने भागायचं, उत्तर लिहायचं. त्रिकोणी लोड आणि कपल एकाच बीमवर आले तेव्हा मात्र थांबून प्रत्येक पायरीचं कारण शोधावं लागलं. ते गणित मला अजून आकड्यांसकट आठवतं.

सिम्पली सपोर्टेड बीम AB, स्पॅन ६ मीटर. A ला हिंज, B ला रोलर. लोड A पाशी शून्य, तिथून सरळ रेषेत वाढत B पाशी १२ किलोन्यूटन प्रति मीटर. शिवाय A पासून २ मीटरवर, C या बिंदूवर, ३० किलोन्यूटन-मीटरचं क्लॉकवाइज कपल. आडवा लोड काहीच नाही, म्हणजे हिंजची आडवी रिॲक्शन शून्य. उरल्या RA आणि RB.

आधी त्रिकोण. एकूण लोड म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ: ½ × ६ × १२ = ३६ किलोन्यूटन. इथवर कुणी अडत नाही. हा ३६ चा लोड नेमका कुठे ठेवायचा, हा खरा प्रश्न. 'शून्याच्या टोकापासून दोन तृतीयांश' हे पाठ होतं, पण परीक्षेच्या घाईत एक तृतीयांश कुठून आणि दोन तृतीयांश कुठून, यात गोंधळ होतोच. म्हणून मी लोडची बेरीज तुकड्यांत करून पाहिली. A पासून x मीटरवर लोडची तीव्रता २x आहे, म्हणजे x पर्यंतचा एकूण लोड x² होतो. डाव्या ३ मीटरवर फक्त ९ किलोन्यूटन, उजव्या ३ मीटरवर तब्बल २७. तीन चतुर्थांश वजन उजव्या अर्ध्यात असेल, तर त्याचा मध्य डावीकडे येणं शक्यच नाही. तो A पासून ४ मीटरवर, म्हणजे जड टोकापासून २ मीटरवर येतो. हे एकदा दिसलं की पाठांतराची गरज उरत नाही.

कपल बाजूला ठेवलं तर A भोवती मोमेंट घेऊन RB = ३६ × ४ / ६ = २४ आणि RA = १२. जड बाजूच्या टेकूवर दुप्पट भार.

आता कपल. माझ्या रूममधल्या मित्राने तेच गणित शेजारी बसून सोडवलं होतं. त्याची RB आली २९ आणि RA आली १७. बेरीज ४६, आणि बीमवर लोड तर ३६ चाच. त्याची वही मी ओळ न् ओळ पाहिली. A भोवती मोमेंट घेताना त्याने कपल क्लॉकवाइज धरलं होतं, ते बरोबर होतं. B भोवती घेताना मात्र त्याने चिन्ह उलटवलं होतं. त्याचं म्हणणं, "अरे, B वरून बघितलं तर C डावीकडे आहे ना! बाकीच्या लोडची दिशा उलटते, मग कपलची का नाही?"

शंका रास्त होती. आम्ही वह्या घेऊन सरांकडे गेलो. सर म्हणाले, "कपलला अंतर विचारू नका रे. ते कुठूनही बघा, तेवढंच आणि तसंच फिरवतं." मग त्यांनी कपलच्या जागी दोन बलं काढली: C वर एक ३० किलोन्यूटन वर आणि तिथून १ मीटर उजवीकडे एक ३० किलोन्यूटन खाली. A भोवती मोमेंट घेतली: ३० × ३ वजा ३० × २ = ३० क्लॉकवाइज. B भोवती घेतली: वर जाणाऱ्या बलाची ३० × ४ क्लॉकवाइज, खाली जाणाऱ्याची ३० × ३ अँटिक्लॉकवाइज, बाकी पुन्हा ३० क्लॉकवाइज. नुसतं एकच बल असेल तर मोमेंटचा बिंदू बदलला की फिरवण्याची दिशा बदलू शकते, जोडीची बदलत नाही. मित्राने तिथेच आकडा दुरुस्त केला.

A भोवती: RB × ६ = ३६ × ४ + ३० = १७४, म्हणून RB = २९.
B भोवती: RA × ६ + ३० = ३६ × २, म्हणून RA = ७.
बेरीज ३६. जमलं.

याचा अर्थही सरळ आहे. क्लॉकवाइज कपल बीमचं उजवं टोक खाली दाबतं आणि डावं उचलू पाहतं. त्यामुळे ३० / ६ = ५ किलोन्यूटन A वरून कमी होतात आणि तेवढेच B वर वाढतात: १२ चे ७, २४ चे २९. कपल C वरून उचलून मध्यावर ठेवा किंवा B जवळ न्या, रिॲक्शन हेच राहतात.

पडताळ्याबद्दल मला इथे ठामपणे सांगायचंय. बरेच जण एक रिॲक्शन मोमेंटने काढतात आणि दुसरी एकूण लोडमधून वजा करून. तसं केलं तर बेरीज जुळणारच, कारण ती जुळवूनच काढलेली असते. समजा कुणी कपलला २ मीटरने गुणलं आणि ६० धरलं. RB येते ३४, वजाबाकीने RA २, बेरीज ३६. सगळं छान दिसतं आणि दोन्ही उत्तरं चूक. म्हणून दोन्ही रिॲक्शन स्वतंत्र मोमेंटने काढायच्या आणि मगच बेरीज बघायची. मित्राची गडबड म्हणूनच उघडी पडली. मात्र कपल दोन्हीकडे विसरलं, किंवा दोन्हीकडे सारखंच उलटं धरलं, तर ही बेरीजही काही सांगत नाही: १२ आणि २४, किंवा १७ आणि १९, दोन्हींची बेरीज ३६ च. तिथे आकृती पुन्हा बघून 'कोणतं टोक दाबलं जातंय' हे विचारण्याला पर्याय नाही.

कपलची जागा रिॲक्शनला लागत नसली तरी बेंडिंग मोमेंटच्या आकृतीत ती लागते. C च्या किंचित डावीकडे मोमेंट ७ × २ − ८/३ = ११.३३ आणि किंचित उजवीकडे ४१.३३. मधे ३० ची उभी उडी. पुढे शिअर ७ − x² शून्य होतो तिथे, म्हणजे A पासून २.६५ मीटरवर, मोमेंट सर्वाधिक, ४२.३५. आणि B वर ४२ − ७२ + ३० = ०. रोलरवर मोमेंट शून्यच यायला हवी, त्यामुळे आकृती तिथे मिटली नाही तर कपलची उडी घ्यायची राहिली किंवा उलटी घेतली, हे लगेच कळतं.

मग आम्ही कपल वाढवत नेलं. ७२ ला RA शून्य होते. ९० ला RA = १२ − १५ = −३, म्हणजे A चा टेकू बीमला वर धरण्याऐवजी खाली ओढतोय. कागदावर हिंज दोन्हीकडे धरतो, म्हणून उत्तर वैध आहे. पण प्रत्यक्षात बीम नुसता भिंतीवर टेकवलेला असेल तर ते टोक उचललं जाईल. तिथे ३ किलोन्यूटनचा उचल पेलणारा अँकर बोल्ट द्यावा लागेल.