उतरताना

बुधवार, रात्र

"मी नाही येत या वेळी, गुडघा. तुम्ही जाऊन या." ग्रुपवर एवढंच टाकायला दोन दिवस लागले. आधीच्या मजकुरात डॉक्टर होते, एमआरआय होता, "माझ्यासाठी प्लॅन बदलू नका" होतं. तसं वाचलं असतं तर नीलू नक्की म्हणाली असती, मग कळसूबाई राहू दे, सोपं काहीतरी करू. तेच नको होतं. म्हणून कारण एका शब्दात, आणि खाली लगेच, माझा हेडटॉर्च कुणाला हवाय?

दोन मिनिटांत मंग्या. "ओके गं, काळजी घे. मग जीपमध्ये सहाच जण, सॅका आत मावतील."

मला हवं होतं तसंच झालं. मग दुपारपासून घशाशी काय आलंय?

चढायला मी आजही चढेन, हे कुणाला पटत नाही. त्रास उतरताना आहे. प्रत्येक पायरीला सगळा भार वाकलेल्या एका गुडघ्यावर येतो, मांडीचा स्नायू ताणला जात शरीराला आवरून धरतो आणि वाटी हाडावर दाबली जाते. रविवारी बिल्डिंगचा जिना करून पाहिला. सात मजले, तीन फेऱ्या. वर जाताना काही नाही, तिसऱ्यांदा उतरताना कठडा धरला. तेव्हाही वाटलं, जमेल. खरं काय ते सोमवारी सकाळी कळलं, वाटीच्या वर सूज. दादरचा पूल उतरले ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मागच्या गर्दीची बोलणी खात.

कळसूबाई १६४६ मीटर. बारी गावातून चढायचं म्हणजे माझ्या त्या जिन्याच्या दहापटीहून जास्त, वर लोखंडी शिड्या. शिडीवर गुडघा आखडला तर मागची अख्खी रांग खोळंबते. आणि अर्ध्यातून परतायचं म्हटलं तरी ते उतरणंच.

हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ती दोन मिनिटं. निदान एकीने विचारायचं, खरंच नाही जमणार?

आईही अशीच एकदा वणीला... जाऊ दे.

पण कुणी विचारलं असतं तर मी गेले असते. लिहिताना आत्ता दिसतंय ते. एका "चल ना" वर गेले असते.

साडेनऊला नीलूचा फोन आला. शिडी उतरताना तोंड कुठे करायचं? शिडीकडे, म्हटलं, आणि हात-पाय मिळून तीन ठिकाणं टेकलेली असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही. पाणी तीन लिटर घे. मग कितीतरी वेळ बोलत बसलो. गुडघ्याचं तिने काढलं नाही, मीही नाही.

टॉर्चचे सेल बदलून ठेवलेत. शुक्रवारी रात्री कसारा लोकल ठाण्याला थांबेल तेव्हा नीलू लेडीज डब्याच्या दारात उभी राहणार आहे, हात बाहेर काढून.