मेघदूताच्या दुसऱ्या श्लोकावरचे तीन आठवडे: आधी समासाचे नाव, मग अर्थ

पूर्वमेघाचा पहिला श्लोक पुरा करून मी दुसऱ्यावर आलो, तेव्हा तो दोन बैठकांत संपेल असे वाटले होते. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. त्यातला बहुतेक वेळ चौथ्या चरणातल्या एकाच समासाने खाल्ला, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहीत आहे. श्लोक सर्वांच्या ओळखीचा आहे:

तस्मिन्नद्रौ कतिचिदबलाविप्रयुक्तः स कामी
नीत्वा मासान् कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः ।
आषाढस्य प्रथमदिवसे मेघमाश्लिष्टसानुं
वप्रक्रीडापरिणतगजप्रेक्षणीयं ददर्श ॥

माझ्या वहीत प्रत्येक सामासिक पदासाठी चार रकाने असतात: घटक पदे, समासाचे नाव, विग्रह आणि शेवटी मराठी अर्थ. दुसरा व तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही, असा नियम मी पहिल्या श्लोकाच्या वेळीच घालून घेतला होता. तो किती ढिलाईने पाळत होतो, हे या श्लोकाने दाखवून दिले.

घटक पदे वेगळी करणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे, आणि मंदाक्रांता वृत्तात तर ते आणखी सोपे होते. चरणात सतरा अक्षरे, यती म्हणजे म्हणताना घ्यायचा विराम चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर. चौथा चरण यतीवर थांबत म्हटला की वप्रक्रीडा, परिणतगज, प्रेक्षणीयं ददर्श असे तीन तुकडे आपोआप पडतात, आणि दुसरा चरण नीत्वा मासान्, कनकवलय, भ्रंशरिक्तप्रकोष्ठः असा पडतो. या श्लोकात एकही यती घटक पदाच्या मध्ये येत नाही. ‘कतिचिदबला’ या सहा अक्षरांनंतरचा विरामसुद्धा ‘अबला’ आणि ‘विप्रयुक्तः’ यांच्या बरोबर सांध्यावर येतो. मात्र यती कुठे कापायचे ते सांगते, काय कशाला जोडायचे ते सांगत नाही, आणि माझी पहिली गफलत इथेच झाली.

दुसऱ्या चरणात कानाला ‘भ्रंशरिक्तप्रकोष्ठः’ हा एक गट ऐकू येतो, म्हणून मी आधी ‘रिक्तः प्रकोष्ठः’ असा कर्मधारय केला, त्याला भ्रंश जोडला आणि कनकवलय सर्वांत शेवटी बाहेरून चिकटवले. विग्रह लिहायला गेलो तर तो जुळेना, कारण ‘कनकवलय’ला षष्ठी लावावी तर तिचा संबंध ‘भ्रंश’ या आत बंद झालेल्या पदाशी येत होता. खरी बांधणी डावीकडून एकेक पायरी चढत जाते. कनकस्य वलयः, तो कनकवलयः, षष्ठी तत्पुरुष. तस्य भ्रंशः, पुन्हा षष्ठी तत्पुरुष. तेन भ्रंशेन रिक्तः, तृतीया तत्पुरुष, ‘रिक्त’ हे कृदन्त असल्याने ‘कर्तृकरणे कृता बहुलम्’ (२.१.३२) हे पाणिनीचे सूत्र इथे लागते. आणि शेवटी कनकवलयभ्रंशरिक्तः प्रकोष्ठः यस्य सः, बहुव्रीहि. शेवटच्या पायरीत ‘रिक्त’ आणि ‘प्रकोष्ठ’ यांचा आधी कर्मधारय करून मग त्याचा बहुव्रीहि करण्याची गरज नसते. दोन्ही पदे थेट ‘यस्य’कडे जातात. ही चूक मी जवळजवळ प्रत्येक लांब बहुव्रीहीत करत होतो.

हा बहुव्रीहि आहे, हे कशावरून ठरवायचे? नेहमीची सोपी खूण लिंगाची असते. अम्बर नपुंसकलिंगी आहे, पीताम्बरः पुल्लिंगी झाला, म्हणजे पद दुसऱ्या कुणाचे तरी विशेषण आहे हे उघड होते. इथे ती खूण मुकी आहे, कारण प्रकोष्ठ मुळातच पुल्लिंगी आणि कामी, म्हणजे काव्याचा नायक यक्ष, तोही पुल्लिंगी. मग मी क्रियापदाकडे गेलो. श्लोकात ‘ददर्श’ हे एकच मुख्य क्रियापद आहे आणि त्याला एकच कर्ता हवा. समास तत्पुरुष मानला तर ‘सोन्याचे कडे गळाल्याने रिकामा झालेला हात’ मेघ पाहू लागतो. बहुव्रीहि मानला की तो हात यक्षाचा होतो आणि पाहणाराही यक्षच राहतो. अर्थ लिहिताना ‘प्रकोष्ठ’साठी मी आधी ‘मनगट’ लिहिले होते, तेही बदलले. अमरकोशात कोपराच्या वरचा भाग प्रगण्ड आणि खालचा प्रकोष्ठ असा स्पष्ट भेद आहे, आणि मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथही ‘कूर्पराधःप्रदेशः’ असाच अर्थ देतो. विरहाने हात इतका कृश झाला की कडे निसटले, ही कवीची सूचना त्यामुळे अधिक नेमकी कळते.

‘अबलाविप्रयुक्तः’ने त्रास दिला नाही: अबलया विप्रयुक्तः, तृतीया तत्पुरुष. ‘आश्लिष्टसानुम्’मध्ये मात्र एक बारीक गोष्ट शिकलो. तो बहुव्रीहि आहे एवढे लिहून मी पुढे जात होतो. सर्वनामाची विभक्ती लिहायला हवी, हे नंतर सुचले. ‘आश्लिष्टः सानुः यस्य’ असे म्हटले तर शिखर मेघाचेच ठरते, आणि ‘आश्लिष्टः सानुः येन’ म्हटले तर मेघाने डोंगराच्या शिखराला मिठी घातली असा हवा तो अर्थ मिळतो. बहुव्रीहि हे नाव पुरेसे नाही, ‘यस्य’ की ‘येन’ की ‘यस्मिन्’ हेही त्याच रकान्यात लिहायचे, अशी दुरुस्ती मी वहीत केली आहे. पहिल्या श्लोकातला ‘स्निग्धच्छायातरुषु’ मी मागे जाऊन पुन्हा तपासला. तिथे ‘येषु’ हवे होते आणि मी सवयीने ‘येषाम्’ लिहिले होते.

तिसऱ्या चरणात ‘प्रथमदिवसे’ हा साधा कर्मधारय आहे. वल्लभदेव हा दुसरा टीकाकार ‘प्रशमदिवसे’, म्हणजे शेवटच्या दिवशी, असा पाठ घेतो, आणि मल्लिनाथ तशा पाठाचा उल्लेख करून तो असंगत ठरवतो. त्याचे कारण तिथीच्या हिशेबाचे आहे, पण मला त्यात समासाची बाजू अधिक रंजक वाटली. ‘प्रशमस्य दिवसः’ असा षष्ठी तत्पुरुष केला की बाहेरचे ‘आषाढस्य’ हे समासातल्या गौण पदाशी, म्हणजे ‘प्रशम’शी, जोडावे लागते. याला सापेक्ष समास म्हणतात. अर्थ सहज कळत असेल तर व्याकरणकार तो चालवून घेतात, पण ‘प्रथमदिवसे’त तशी सवलत मागावीच लागत नाही.

आता चौथा चरण. ‘वप्रक्रीडापरिणतगजप्रेक्षणीयम्’ याचे पाच घटक पाडायला एक मिनिट लागले नाही. नंतर मी जे केले ते नियम मोडून केले: ‘प्रेक्षणीय’ दिसताच ‘पाहण्याजोगा’ असा अर्थ मनात तयार झाला, अनीयर् प्रत्ययान्त पदाबरोबर कर्ता तृतीयेत येतो हे आठवले, आणि ‘गजेन प्रेक्षणीयम्’ असा तृतीया तत्पुरुष ठरवून ‘मातीच्या उंचवट्याशी खेळण्यात दंग झालेल्या हत्तीने पाहावा असा मेघ’ असे भाषांतर लिहून टाकले. व्याकरणाने त्यात दोष काढता येत नव्हता आणि चित्रही सुंदर होते, हत्ती खेळता खेळता मान वर करून ढगाकडे पाहतो आहे. त्यामुळेच दहा दिवस मला शंका आली नाही.

शंका आली ती ‘परिणत’ या पदामुळे. मी त्याचा अर्थ ‘दंग झालेला’ असा धकवला होता, पण नम् धातूला परि लागून तो अर्थ कसा निघतो, हे सांगता येईना. मल्लिनाथाची टीका उघडली, तेव्हा तिथे कोशकार हलायुधाचे वचन मिळाले: ‘तिर्यग्दन्तप्रहारस्तु गजः परिणतो मतः’. दात तिरपे लावून धडक देणारा हत्ती म्हणजे परिणत गज, हत्तीच्या संदर्भातला हा ठरीव शब्द आहे. वप्रक्रीडा म्हणजे शिंगांनी किंवा सुळ्यांनी माती उकरण्याचा, तटाला धडका देण्याचा खेळ. असा हत्ती तटाला अंगाने रेलून, डोके खाली घालून उभा असतो. तो ढगाकडे पाहत नसतो. मग ढगाशी त्याचा संबंध काय? मल्लिनाथ एका ओळीत सांगतो: ‘गजप्रेक्षणीयम्’ यात ‘इव’ लोपल्यामुळे लुप्तोपमा आहे. म्हणजे गज इव प्रेक्षणीयः, ‘उपमानानि सामान्यवचनैः’ (२.१.५५) या सूत्राने होणारा उपमानपूर्वपद कर्मधारय, आपल्या ओळखीच्या ‘घनश्याम’च्या जातीचा.

पूर्ण विग्रह आता असा लिहिला आहे: वप्रे क्रीडा वप्रक्रीडा, सप्तमी तत्पुरुष, तस्यां परिणतः, पुन्हा सप्तमी तत्पुरुष, स चासौ गजश्च, विशेषणपूर्वपद कर्मधारय, स इव प्रेक्षणीयः, तम्, उपमानपूर्वपद कर्मधारय. अर्थ: तटाला तिरप्या सुळ्यांनी धडक देणाऱ्या हत्तीसारखा देखणा मेघ.

तृतीया तत्पुरुष आणि उपमान कर्मधारय लिहिताना हुबेहूब सारखे दिसतात. रूपावरून निवड करता येत नाही. निर्णय शेजारच्या विशेषणाने दिला. उपमा घेतली की मेघाच्या जागी हत्ती, सानूच्या जागी वप्र आणि आश्लेषाच्या जागी परिणती बरोबर बसते, म्हणजे ‘आश्लिष्टसानुम्’ हे पद उपमेची अर्धी बाजू उचलून धरते. तृतीया घेतली तर तेच पद बेकार होते, ढग डोंगराला बिलगला काय किंवा आकाशात मोकळा असला काय, पाहणाऱ्या हत्तीला फरक पडत नाही. आता उपमेची शक्यता असलेल्या प्रत्येक समासात, उपमानाच्या प्रत्येक अंगाला उपमेयात जोडीदार सापडतो का, हे मी वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून पाहतो. (वहीचा समास, व्याकरणाचा नव्हे; मराठीने इथे उगाच गंमत करून ठेवली आहे.)

कामाचा क्रमही बदलला आहे. कापणे डावीकडून, पण नाव ठरवणे उजवीकडून: आधी शेवटचे पद आणि त्याची विभक्ती, ते वाक्यात कुणाशी जुळते, त्यावरून सबंध समासाचे नाव, आणि मग आतल्या पायऱ्या. विग्रह मात्र परंपरेप्रमाणे आतून बाहेरच लिहितो.

तिसरा श्लोक काल उघडला. त्यात ‘अन्यथावृत्ति चेतः’ आहे, आणि लिंगाची जी खूण प्रकोष्ठापाशी मुकी राहिली होती ती इथे बोलते: वृत्ति स्त्रीलिंगी, तत्पुरुष असता तर ‘अन्यथावृत्तिः’ असा विसर्ग आला असता, तो नाही, म्हणून ‘अन्यथा वृत्तिः यस्य तत्’, चेतसचे विशेषण. ‘कौतुकाधानहेतोः’ अजून दुसऱ्या रकान्यात अडकले आहे.