नीट काट की

आज्जीच्या कॅटात एक्कावन्न पत्ते आहेत आणि एक जोकर. बावन्नावा, म्हणजे बदाम गोटू, कधीतरी बंबात गेला असावा. त्याच्या जागी जोकरच्या पोटावर लाल पेन्सिलीनं बदाम काढून त्यालाच गोटू केलंय. हे पत्ते आजोबांचे. तिसरी पाळी नसली की चाळीच्या जिन्यात त्यांचा डाव बसायचा. आता ते टॉवेलच्या तुकड्यात बांधलेले असतात आणि टॉवेल पावडरच्या डब्यात. पत्ते चिकटायला लागले की आज्जी त्यांच्यावर चिमूटभर पावडर टाकते. त्यामुळे आमच्या घरात नशिबाला चंदनाचा वास येतो.

पत्त्यांवरून बघायचं हे तिला रेल्वे लाइन्समधल्या एका गार्डच्या बायकोनं शिकवलं. त्या बाईंना शेंगा चटणी कुटून हवी असायची, आज्जीला पुढचं कळायला हवं असायचं, देवघेव चालली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी पानं काढून टाकायची, सत्तीपासून एक्क्यापर्यंतची बत्तीस ठेवायची. बदाम घरचं आणि मनातलं, चौकट पैसा आणि निरोप, किलवर काम, इस्पिक त्रास. जिचं बघायचं तिची राणी मध्ये मांडायची. बाईंच्या शिकवणीत गोरीला लाल राणी, सावळीला काळी. आज्जीनं एवढं एक मोडलं, कारण त्याच शिकवणीत इस्पिक राणी म्हणजे विधवा. घरातल्या सावळ्या पोरीला ती राणी कोण देणार? मग आमच्याकडे सगळ्याच बदाम राण्या. इस्पिक राणी ती स्वतःसाठी ठेवते, आणि ते आजोबा गेल्यानंतर.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आले. भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता टाकून आम्ही परतलो होतो. सात नंदीध्वज, बाराबंदीतली माणसं, डोक्याला डोकं लागेल एवढी गर्दी. सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, ते लग्न सोलापूर दर वर्षी लावतं. पाय चेपून घेता घेता आज्जी म्हणाली, "तिचं दर वर्षी लागतंय. तुझं काय की?"

माझं म्हणजे असं. दोन वर्षांची ओळख. मुलगा चांगला, डब्यातली चटणी मागून खाणारा. पण घरी सांगायचा विषय निघाला की "बघू". दिवाळीत सांगणार होता, मग बहिणीची परीक्षा आली. आता संक्रांत. माझ्या फोनवर त्याचं "पोहोचलीस का" आलं होतं आणि तेवढंच आलं होतं. हे सगळं मी आज्जीला सांगितलं नाही. "बघून देतेस का," एवढंच म्हणाले.

तिनं चटईवर टॉवेल पसरला, बदाम राणी मध्ये ठेवली. मी बदाम गोटू शोधायला लागले, तर तिनं हातावर चापट मारली. "पोराचं पान आपण काढून ठेवायचं नसतं. त्याला यायचं असलं तर येतो."

मग पिसले. आपण पत्ते पिसतो ते खरं तर चळतीतून गठ्ठे उचलून पुढे टाकणं असतं. त्यात शेजारची पानं पुष्कळदा शेजारीच राहतात, आणि जुनी, सुजलेली पानं तर नवराबायकोसारखी हलतच नाहीत. दोन भाग करून कोपरे फरफरवत एकात एक मिसळले, तरी पूर्ण कॅटाला सातेक वेळा तसं करावं लागतं, असं दोन गणितज्ञांनी 1992 साली दाखवून दिलंय. आज्जीच्या गुडघ्यांना आणि त्या पत्त्यांना ते झेपणारं नाही.

"डाव्या हातानं काट."

मी काटलं. तिनं गठ्ठ्याकडे बघितलं. "तिळगुळाचा हात आहे तुझा. पुसून ये, परत काट."

पुसून आले, काटलं.

"नीट काट की. निम्म्यावर."

तिसऱ्यांदा काटलं तेव्हा ती काही बोलली नाही. वरचं पान राणीच्या डावीकडे ठेवलं, ते झालेलं. दुसरं उजवीकडे, ते यायचं. तिसरं थेट राणीच्या अंगावर आडवं, म्हणजे आत्ता जे तिला झाकून बसलंय ते. मग एकेक उलटलं.

डावीकडे बदाम अठ्ठी. जाणंयेणं, पाहुणचार, एकत्र खाणं. ते झालंच होतं. उजवीकडे चौकट एक्का. "चिठ्ठी नाहीतर अंगठी," आज्जी म्हणाली.

"त्यातलं कोणतं?"

"ते शेजारच्या पानावरून कळतं." राणीच्या अंगावरचं पान उलटलं तर बदाम सत्ती. आज्जीनं चष्मा नाकावर सरकवला. "मन आहे त्याचं. पण ठरत नाही. आज इकडं, उद्या तिकडं. हिच्याशेजारी एक्का म्हणजे चिठ्ठीच गं." थोडा वेळ थांबून तिनं विचारलं, "त्यानं आईला सांगितलंय का?"

मी मान हलवली.

"मग पत्ते काय सांगणार."

ती चहा टाकायला गेली तेव्हा मी पानं गोळा करत होते. रिकाम्या हातांनी मी ती पालथी पसरली, आणि दिसलं ते इतक्या वर्षांत दिसायला हवं होतं. प्रत्येक पानाची पाठ वेगळी आहे. किलवर राजाच्या पाठीवर मधोमध घडी. इस्पिक एक्क्याला चहाच्या कपाचा अर्धा गोल. चौकट एक्का कडेनं उसवलेला. आणि एकाचा वरचा उजवा कोपरा उंदरानं खाल्ल्यासारखा गेलेला. उलटून बघितलं, बदाम नव्वी. इच्छा पुरी करणारं पान. ती आली की पुढचं काही बघायचंच नाही, लहानपणी आम्ही त्यासाठीच तिच्या मागे लागायचो.

मी पहिल्यांदा काटलं तेव्हा गठ्ठ्यावर तो तुटका कोपरा होता. नक्की होता, अंगठ्याला टोचला म्हणून मी बघितलाही होता.

आज्जी कप घेऊन आली. मी नव्वी तिच्यापुढे धरली. "तू बदललंस."

"मी कशाला बदलू? काटलंस तू."

"तीनदा काटायला लावलंस."

"मग? तिळगुळ लागला होता की." आणि बशीत चहा ओतून ती फुंकत राहिली. म्हणजे तिला पाठीवरून सगळी पानं ओळखू येतात. मावशीला सरकारी नोकरी लागणार म्हणून जे आलं होतं, काकांच्या ऑपरेशनआधी जे आलं होतं, त्यातलं कोणतं आलं आणि कोणतं येऊ दिलं, हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. मला राग यायला हवा होता. आला तो आज्जीचा नाही, त्या "पोहोचलीस का"चा आला.

"आता मांडलेत तर खेळूया की," ती म्हणाली. बत्तीस पानांतून किलवर आणि चौकटची सत्ती बाजूला केली की तीस उरतात, सात-आठला बरोबर तेवढीच लागतात. बदाम सत्ती डावात राहते. आज्जीनं वाटले, म्हणजे हुकूम मी बोलायचा आणि आठ हात मी करायचे. पहिली पाच पानं उचलली. पोटावर लाल बदाम घेऊन जोकर माझ्याकडे बघत होता. बाकी तीन किलवर आणि एक चौकट.

"आलाय का?" तिनं पत्त्यांवरून नजर न उचलता विचारलं.

"आलाय. एकटाच."

"मग हुकूम बोल."

"किलवर."