चार तास एका ओळीवर

आज जळगावच्या उन्हात घराबाहेर पडलेच नाही. कंटेंट रायटरच्या नोकरीसाठी कव्हर लेटर लिहीत बसले होते. पत्र पानभराचं, पण चार तास गेले एका ओळीवर.

नमुना म्हणून थंडीतल्या केळीच्या काळजीवरचा माझा ब्लॉग दिला होता आणि खाली लिहिलं होतं, "तीन महिन्यांत क्लिक 90 वरून 640." दादा रावेरला केळी करतो. वाचून म्हणाला, "अगं, ऑक्टोबरात थंडीचं कोण शोधतं? जानेवारीत पारा उतरला की सगळेच शोधतात."

खरंच होतं ते. ती वाढ थंडीची होती, माझी नव्हे.

मग गूगल शोधातले आकडे दाखवणारं सर्च कन्सोल उघडून या जानेवारीची तुलना त्याआधीच्या जानेवारीशी केली. तिथे 16 महिन्यांचाच डेटा राहतो; मे लागला असता तर तो जानेवारी पूर्ण मिळालाच नसता. क्लिक 410 वरून 640. सरासरी क्रमांक 11 वरून 6, म्हणजे लेख पहिल्या पानावर आला. मध्ये सप्टेंबरात मी लेख नव्याने लिहिला होता, रात्री पाणी देण्याचा उपाय तळातून वर आणला होता.

आता पत्रात तेवढंच आहे: काय बदललं, कोणत्या दोन महिन्यांची तुलना, आणि लिंक थेट त्याच लेखाची. "विक्री वाढली" हे वाक्य खोडलं, कारण तो हिशेब माझ्याकडे कधी नव्हताच.

आकडा लहान झाला, पण मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तरी मला उत्तर देता येईल. संध्याकाळी सहाला पाठवलं.