तिकिटावरचं ते एक अक्षर: मुंबई-फ्रँकफर्टचा माझा अनुभव

आई-बाबांचं मुंबई-फ्रँकफर्ट-मुंबई इकॉनॉमीचं तिकीट काढलेलं, मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली आणि जाणं एक आठवडा पुढे ढकलावं लागलं. वेबसाईटवर माणशी चेंज फी ७,५०० दिसत होती पण पुढे गेलं की आकडा थेट १६,७०० व्हायचा. हे वरचे ९,२०० कसले म्हणून ओळखीच्या एजंटकडे गेलो, त्याने स्क्रीनच फिरवून दाखवली:

```
Y9 B9 M9 K4 T0
```

प्रत्येक अक्षर म्हणजे एक बुकिंग क्लास, इकॉनॉमीतलाच एक वेगळा भाव आणि आकडा म्हणजे त्या भावाच्या किती सीट विकायला आहेत, ९ म्हणजे नऊ किंवा जास्त. आमचं तिकीट होतं T मधलं, ते सगळ्यात स्वस्त, आणि नव्या तारखेला T संपलेला त्यामुळे K मध्ये चढावं लागणार, ते ९,२०० म्हणजे T आणि K मधला फरक. विमानात बाजूबाजूला बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात, खुर्ची आणि जेवण मात्र तेच! एजंट म्हणाला, "साहेब, दोन दिवस पुढे सरका, तिथे T6 दिसतंय." सरकलो, फक्त चेंज फी भरली.

मग मला वाटलं की रिफंडपण या अक्षरावरच ठरतो, तर तसं नाही. तो ठरतो फेअर बेसिसवर, म्हणजे ई-तिकिटावर TL6LGTIN असं काहीतरी लांबलचक असतं ना ते. पहिलं अक्षर बहुतेक वेळा बुकिंग क्लासचं असतं, पण एकाच T मध्ये कडक नियमांचं लाईट तिकीटही विकतात आणि सैल नियमांचं फ्लेक्सही, आणि दोघांचे नियम वेगळे. फेअर रूल्समध्ये PENALTIES नावाचा भाग असतो तेवढा तरी वाचाच, विमान सुटायच्या आधी कॅन्सल केलं तर किती आणि नो-शो झालात, म्हणजे कॅन्सल न करता गेलाच नाहीत, तर किती हे तिथे वेगवेगळं दिलेलं असतं. जाताना-येतानाचे फेअर वेगळे असतील तर कॅन्सल करताना बऱ्याचदा त्यातला कडक नियम पूर्ण तिकिटाला लागतो. आणि नॉन-रिफंडेबल असलं तरी एअरपोर्टचे टॅक्स आणि यूडीएफ नावाची विमानतळाची फी परत मागायची, भारतीय कंपन्यांना ते परत द्यायलाच लागतात, विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा नियम आहे. YQ नावाने लावलेला सरचार्ज मात्र टॅक्स नव्हे, तो कंपनीचा असतो, तिथे हटून बसण्यात अर्थ नाही.

प्रवासावर कार्डात जमा होणाऱ्या पॉइंट्सचं, म्हणजे माईल्सचं, गणित परत अक्षरावर. बाबांना पार्टनर एअरलाईनच्या कार्डावर माईल्स हवे होते, तिथल्या तक्त्यात T ला अंतराच्या २५ टक्के आणि K ला ५० होते. अंतर एका बाजूचं साधारण ४,००० मैल, म्हणजे जाऊन-येऊन T मध्ये २,००० आणि K मध्ये ४,०००. दोन हजार जादा माईल्ससाठी दोन्ही बाजूंना K घ्यायचं म्हणजे माणशी बरेच हजार मोजायचे, कोण देणार? दुसऱ्या एका पार्टनरच्या तक्त्यात तर T ला शून्यच होता, म्हणून चेक-इनच्या आधी तिकिटावर बाबांच्या पहिल्या पार्टनरच्या कार्डाचाच नंबर आहे ना तेवढं बघितलं.